चित्र सापडले, पण ते कशाचे?

छापील ग्रंथाच्या पोटात काय आहे हे त्याची अनुक्रमणिका सांगते. चित्रफितीच्या पोटात काय आहे हे मात्र, तिच्या डब्यावर चिकटविलेल्या चिठ्ठीखेरीज दुसरे कोणी सांगत नसे. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी दाखविण्यासाठी वर्षानुवर्षे वार्तापट काढले. अशा प्रत्येक रिळाबरोबर कोणीतरी बसून एक यादी करावी लागे: पहिले दृश्य मंत्र्यांचे आगमन, दुसरे धरणाची भिंत, तिसरे टाळ्या वाजविणारी मुले. चित्रसंग्रहाची सारी उपयुक्तता या यादीवर अवलंबून असे. यादीत जे उतरले ते सापडे. जे उतरले नाही ते फितीवर असूनही नसल्यासारखेच राही.

या व्यवस्थेत एक मूलभूत अडचण होती. यादी करणाऱ्याला पुढे कोण काय विचारणार याची कल्पना नसे. धरणाच्या उद्घाटनाचे दृश्य त्याने मंत्र्याच्या नावाने नोंदविले. तीस वर्षांनी कोणा अभ्यासकाला त्याच दृश्याच्या कोपऱ्यात डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या मजूर स्त्रिया हव्या असल्या, तर त्या नोंदीचा त्याला काही उपयोग नसे. शिवाय हे काम वेळखाऊ. फीत थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून लिहावयाचे म्हटले की एका तासाच्या फितीला एक तास पुरत नाही. चार तास लागतात असे धरले, तर एक हजार तासांच्या संग्रहाला चार हजार तास लागतील. म्हणजे रोज आठ तास व वर्षाला अडीचशे दिवस काम करणाऱ्या एका माणसाची दोन वर्षे. हा खर्च आधी करावा लागे आणि त्याचे फळ केव्हा मिळेल याची शाश्वती नसे. म्हणूनच बहुतेक संग्रहांची यादी अपुरी राहिली.

गेल्या काही वर्षांत पुढे आलेला दृश्यशोध या अडचणीवर नेमका उपाय करतो. येथे आधी कोणी यादी केलेली नसते. शोधणारा आपल्याला हवा असलेला क्षण साध्या वाक्यात वर्णन करतो, ‘डोक्यावर पाटी घेऊन ओळीने चालणाऱ्या स्त्रिया, मागे अर्धवट बांधलेली भिंत’, आणि संगणक हजारो तासांच्या चित्रणातून त्या वर्णनाशी जुळणारी दृश्ये काही क्षणांत पुढे ठेवतो. ही किमया कशी साधते हे समजून घेतल्याखेरीज तिच्यावर किती विसंबावे याचा निर्णय करता येणार नाही.

हलते चित्र म्हणजे झरझर बदलणारी स्थिर चित्रे. त्यांतील प्रत्येकास फ्रेम म्हणतात. संग्रहातील प्रत्येक सेकंदाला एक फ्रेम उचलली, तर हजार तासांच्या ३६ लाख फ्रेमा होतात. यातील प्रत्येक फ्रेम लहान करून, बऱ्याच वेळा २२४ गुणिले २२४ ठिपक्यांच्या चौरसात बसवून, एका गणिती यंत्रणेतून काढली जाते. यंत्रणा त्या चित्राच्या बदल्यात आकड्यांची एक मालिका देते. प्रचलित पद्धतींपैकी एकीत या मालिकेत ५१२ आकडे असतात. शोधणाऱ्याचे वाक्यही अशाच दुसऱ्या यंत्रणेतून जाते आणि त्याचीही ५१२ आकड्यांची मालिका तयार होते. मग दोन मालिकांतील पहिल्या आकड्याला पहिल्याने, दुसऱ्याला दुसऱ्याने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज केली जाते. जिची बेरीज मोठी, ती फ्रेम त्या वाक्याच्या अधिक जवळची. ज्यांनी शाळेत निर्देशांक भूमिती शिकली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटू नये: कागदावरील बिंदूचे स्थान दोन आकड्यांनी ठरते, येथे ते ५१२ आकड्यांनी ठरते एवढाच फरक.

या आकड्यांना अर्थ कोठून येतो, हा खरा प्रश्न. तो चित्राखालील ओळींतून येतो. २०२१ साली ओपनएआय या अमेरिकन संस्थेने ‘क्लिप’ नावाची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात इंटरनेटवरून गोळा केलेली ४० कोटी चित्रे व त्यांच्याबरोबर आढळलेला मजकूर यांच्या जोड्या वापरल्या होत्या. यंत्रणेपुढे एका वेळी ३२,७६८ चित्रे आणि तितकेच मजकूर ठेवून कोणता मजकूर कोणत्या चित्राचा हे ओळखावयास लावले जाई. चूक झाली की आतील आकडे किंचित बदलावयाचे, पुन्हा ओळखावयास लावावयाचे. असे असंख्य वेळा केल्यावर एकमेकांशी संबंधित चित्रे व शब्द जवळजवळच्या आकड्यांवर येऊन बसतात. तात्पर्य, यंत्रणेला घोडा म्हणजे काय हे कोणी शिकविलेले नसते. ज्या चित्रांखाली माणसांनी घोडा असे लिहिले ती चित्रे कशी दिसतात, एवढेच तिच्या हाती लागलेले असते.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हा बदल थक्क करणारा आहे. प्रत्येक आकड्याला दोन बाइट जागा दिली, तर एका फ्रेमची मालिका एक किलोबाइटमध्ये मावते आणि ३६ लाख फ्रेमांची संपूर्ण सूची पावणेचार गिगाबाइटच्या आत बसते. ती साध्या मोबाइल फोनमध्येही ठेवता येईल. एका शोधासाठी सुमारे १८४ कोटी गुणाकार करावे लागतात. ऐकावयास हा आकडा प्रचंड वाटला तरी आजचा साधा संगणक ते काही सेकंदांत उरकतो. ज्या कामाला एका माणसाची दोन वर्षे लागली असती ते काम वेतनाच्या हिशेबातून जवळजवळ नाहीसे झाले, असा निष्कर्ष कोणीही काढील. आणि कोणत्याही संस्थेच्या अंदाजपत्रकावर तो लगेच परिणाम करील. परंतु खर्च खरोखर नाहीसा झाला की त्याने केवळ आपली जागा बदलली, हे एका उदाहरणाने तपासून पाहणे आवश्यक आहे.

समजा, एखाद्या शिक्षकाला ३० जानेवारीच्या कार्यक्रमासाठी महात्मा गांधींच्या अंत्ययात्रेचे मूळ चित्रण हवे आहे, आणि वार्तापट, माहितीपट व चित्रपट असे सर्व काही एकत्र असलेला एक मोठा संग्रह त्याच्यापुढे खुला आहे. तो लिहितो: ‘दिल्लीतील रुंद रस्ता, दुतर्फा अफाट गर्दी, फुलांनी झाकलेले वाहन हळूहळू पुढे सरकत आहे’. संगणक पहिली पन्नास दृश्ये दाखवितो. वर्णनाशी ती सर्व जुळतात. त्यांतील काही दृश्ये ३१ जानेवारी १९४८ ची आहेत. त्या दिवशी बिर्ला भवनातून निघालेली यात्रा लष्करी वाहनावरून यमुनाकाठी गेली. ते वाहन जवान दोरांनी ओढीत होते. पण काही दृश्ये ३१ जानेवारी १९८१ ची असू शकतात. त्या दिवशी रिचर्ड ॲटनबरो यांनी आपल्या ‘गांधी’ या चित्रपटासाठी तीच यात्रा पुन्हा उभी केली. दिल्ली तीच, तारीख तीच, महिना तोच. तेव्हा राजपथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२२ पासून कर्तव्यपथ झालेल्या त्या मार्गावर तीन लाखांहून अधिक माणसे त्या चित्रीकरणासाठी जमली होती. चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला.

या दोन दृश्यांत यंत्रणा भेद करू शकत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणेही चुकीचे आहे. दिग्दर्शकाने जे घडवून आणले त्याचा हेतूच मुळी ते मूळ घटनेसारखे दिसावे हा होता, आणि यंत्रणा तर दिसण्याचेच मोजमाप करते. किंबहुना नाट्यरूपांतराचे गुण अधिक असण्याची शक्यता आहे. कारण त्यात कॅमेरा उत्तम जागी असतो, प्रकाश पुरेसा असतो आणि जे दाखवावयाचे ते फ्रेमच्या मध्यभागी असते. रंगावरून ओळखू म्हटले, तर रंगीत चित्रण कृष्णधवल करणे हे एका मिनिटाचे काम आहे, आणि माहितीपटांत असे तुकडे वापरण्याची प्रथाही आहे. शिक्षकाने वरचे पहिले दृश्य उचलले व ‘हे पाहा, १९४८’ असे वर्गाला सांगितले, तर त्याच्या हातून असत्य शिकविले जाईल. शोधाने आपले काम चोख केलेले असेल. प्रश्न ‘हे दृश्य कसे दिसते’ असा नसून ‘हे दृश्य कशाचे आहे’ असा होता, आणि त्याचे उत्तर फ्रेममध्ये नव्हतेच.

तज्ज्ञ मनुष्य अशा वेळी काय करतो? तो सापडलेली फ्रेम सोडून तिच्या मागचे-पुढचे दृश्य पाहतो. घडत असलेल्या घटनेचे चित्रीकरण करणाऱ्याला दुसरी संधी नसते. त्याचा कॅमेरा जेथे जागा मिळाली तेथे असतो, मध्येच कोणाचे तरी डोके आडवे येते, चित्र हलते, महत्त्वाचा क्षण कधी अर्धवटच मिळतो. रचलेल्या दृश्यात एकच क्रिया वेगवेगळ्या कोनांतून व्यवस्थित जुळवून घेतलेली आढळते. अर्थात ही केवळ लक्षणे झाली, पुरावा नव्हे. पुरावा मिळतो तो नोंदीत: हे रीळ कोणाकडून आले, केव्हा आले, कोणी चित्रित केले, मूळ डब्यावर काय लिहिले होते. म्हणजे ज्या यादीची आता गरज उरली नाही असे वाटले, तिच्याचकडे पुन्हा यावे लागले.

हीच गोष्ट आपल्या जुन्या इतिहासातील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रीकरण केले. तशी फीत कोणत्याही संग्रहात ठेवली, तर ‘गर्दीत एका तरुणाला हार घालीत आहेत’ या वर्णनावर ती सापडेल. पण या तरुणाने गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम येण्याचा मान मिळविला, आणि म्हणून हे हार आहेत, हे चित्रात कोठेच दिसत नाही. अतिशय प्रसिद्ध चेहरे, ज्यांची छायाचित्रे नावासह लक्षावधी ठिकाणी छापली गेली आहेत, यंत्रणेला नावानेही सापडतात. गांधीजी सापडतील, त्यांच्या अंत्ययात्रेत दोर ओढणारा जवान सापडणार नाही. ज्यांची नावे आधीच सर्वांना ठाऊक आहेत त्यांचीच नावे ती सांगू शकते.

शोधाच्या अंगच्या आणखी दोन मर्यादा वापरणाऱ्याने ओळखल्या पाहिजेत. पहिली अशी, की त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. विचारलेले दृश्य संग्रहात असो वा नसो, जे त्यातल्या त्यात जवळचे असेल ते तो पहिल्या क्रमांकावर आणून ठेवतो. अंत्ययात्रेचे चित्रण संग्रहात नसेल, तर प्रजासत्ताकदिनाचे संचलन पुढे येईल. रुंद रस्ता, गर्दी आणि फुलांनी सजविलेले वाहन तेथेही आहेतच. हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. पहिल्या काही दृश्यांचे गुण शंभराव्या दृश्याच्या गुणांपेक्षा ठळकपणे जास्त असतील, तर काहीतरी नेमके हाती लागले असण्याचा संभव आहे. पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत गुण जवळजवळ सारखेच असतील, तर यंत्रणा चाचपडत आहे असे समजावे. गुणांचा आकडा स्वतः मात्र फसवा असतो. क्लिपसारख्या पद्धतीत अगदी योग्य जोडीचेही गुण एकाच्या जवळ न जाता ०.३ च्या आसपास घोटाळतात. त्यामुळे त्यांचा शेकडेवारीसारखा अर्थ लावणे चूक ठरते.

दुसरी मर्यादा वाक्याच्या आकलनाची. यंत्रणा वाक्यातील वस्तू पकडते, पण त्यांचे परस्परसंबंध पुष्कळदा तिच्या हातून निसटतात. ‘कोणीही माणूस नसलेला रस्ता’ असे लिहिले तर माणसांनी भरलेले रस्ते येऊ लागतात, कारण माणूस हा शब्द तिने उचलला आणि नकार सोडून दिला. कोणी कोणाला हार घातला, हेही ती उलटसुलट करते. आणि सेकंदाला एकच स्थिर फ्रेम पाहिली जात असेल, तर यात्रा निघत आहे की पोहोचत आहे, हात वर जात आहे की खाली येत आहे, हे त्या फ्रेममध्ये नसतेच. म्हणून नकार टाळून, जे प्रत्यक्ष दिसले पाहिजे तेच लिहावे: ‘रिकामा रस्ता, बंद दुकाने, पहाटेचा उजेड’. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

मराठी वाचकांना यात भाषेचाही प्रश्न आहे. मूळ क्लिप पद्धत मुख्यत्वे इंग्रजी मजकुरावर तयार झाली. मराठी वाक्याला तिच्यात जवळजवळ थारा नव्हता. नंतर अनेक भाषा जाणणाऱ्या यंत्रणा आल्या आणि मराठी वाक्य टाकून शोध घेणे शक्य झाले. तरी ‘दिंडी’ या शब्दावर केवळ एखादी मिरवणूक पुढे येण्याची भीती राहतेच; कारण दिंडीच्या चित्राखाली दिंडी असे लिहिलेला मजकूर, इंग्रजीतील मिरवणुकांच्या मानाने, अत्यल्प आहे. यावर उपाय सांगावयाचा तर शब्दाबरोबर त्याचे दृश्य अंगही लिहावे: टाळ, वीणा, पताका, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली स्त्री. पण ज्या संग्रहात मराठी जीवन भरलेले आहे त्याच्या चालकांनी हा भार शोधणाऱ्यावर टाकून मोकळे होणे योग्य नव्हे. संग्रहात निश्चितपणे असलेले पन्नास क्षण निवडावेत, त्यांची मराठीत वर्णने लिहून घ्यावीत आणि पहिल्या दहा उत्तरांत त्यांपैकी किती सापडतात हे मोजावे. तीच वर्णने इंग्रजीत करून पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतील अंतर हीच त्या व्यवस्थेची मराठीपुरती खरी किंमत. ही परीक्षा दोनचार दिवसांत होण्यासारखी आहे, आणि तिचा निकाल वापरणाऱ्यांना सांगितला गेला पाहिजे.

आता मूळ आर्थिक प्रश्नाकडे वळता येईल. पूर्वी वर्णनाचा खर्च संस्था एकदाच व आधी करीत असे. आता शोध फुकटात पडतो, पण सापडलेले दृश्य कशाचे आहे हे ठरविण्याचा खर्च प्रत्येक शोधणाऱ्यावर, प्रत्येक वेळी, नव्याने पडतो. ज्या शिक्षकाजवळ तेवढा वेळ नाही तो तो खर्च करणारच नाही. मग त्याची किंमत वर्गातील मुले चुकीच्या इतिहासाच्या रूपाने देतील. एका ठिकाणी एकदा केलेली पडताळणी हजारांना पुरते, आणि हजारांनी वेगवेगळी केलेली पडताळणी कोणालाच परवडत नाही. अशी कामे सार्वजनिक पैशातून करावीत हे अर्थशास्त्रातील जुने तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

यासाठी फार मोठी योजना नको. प्रत्येक दृश्यात काय दिसते हे लिहिण्याचे काम यंत्रणेकडे खुशाल सोपवावे. सूचीकाराचा वाचलेला वेळ मात्र जे दिसत नाही ते नोंदविण्याकडे वळवावा. तारीख, स्थळ, रीळ कोणाकडून आले, प्रत्यक्ष घटना की नाट्यरूपांतर, आणि यांपैकी काय निश्चित व काय अंदाजाने लिहिले, एवढ्या बाबी पुरेत. त्या दृश्यागणिक लिहाव्या लागत नाहीत, रिळागणिक लिहिल्या तरी चालते. म्हणून हे काम पूर्वीच्या यादीपेक्षा कितीतरी आटोपशीर आहे. नंतर शोधाला आधी या नोंदीची चाळणी लावावी: ‘१९४८, प्रत्यक्ष चित्रण’ एवढे निवडले, की १९८१ ची गर्दी आपोआप बाजूला होते आणि उरलेल्यातून यंत्रणा हवा तो क्षण काढून देते. संग्रहातून कापून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर मूळ रिळाचा क्रमांकही गेला पाहिजे; कारण तो एकदा सुटला, की त्या तुकड्याची ओळख पुन्हा कोणत्याही शोधाने परत येत नाही.

फिल्म्स डिव्हिजन आणि १९६४ साली पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे काम २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. देशाच्या हलत्या स्मृतीचा एवढा मोठा वाटा एका छत्राखाली आल्यानंतर तेथे शोधाची नवी साधने येणार हे उघड आहे, आणि ती यावीतही. मात्र यंत्र घेताना सूचीकाराची जागा रिकामी ठेवण्याचा मोह होईल, तेव्हा अंदाजपत्रक लिहिणाऱ्याने ३१ जानेवारीच्या त्या दोन गर्दींची आठवण ठेवावी. त्यांतील खरी कोणती हे सांगणारी एक ओळ कोणीतरी वेळीच लिहून ठेवावी लागते.